सायलोची क्षमता: पाटीवर १८० टन, माझ्या हिशोबात १९३, काट्यावर १५६. खरं काय?

मका_मोजणारा

नमस्कार मंडळी. गोल पत्र्याचा, खाली नरसाळ्यासारखा शंकू असलेला सायलो आहे. व्यास ५.५ मीटर. शंकूच्या वरच्या कड्यापासून छपराच्या कडेपर्यंत सरळ भिंत ८ मीटर. शंकू ४५ अंशांचा आणि त्याची उभी उंची २.५५ मीटर. खालचं तोंड ४० सेंटिमीटर.

मी व्यासावरून क्षेत्रफळ काढलं, २३.७६ चौरस मीटर. एकूण उंची १०.५५ मीटर. गुणाकार २५०.६ घनमीटर. त्याला ०.७७ ने गुणलं तर १९३ टन. बनवणाऱ्याच्या पाटीवर १८० टन लिहिलंय. आणि यंदा वरचा स्विच धान्य लागून वाजेपर्यंत मका भरला तेव्हा वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज झाली १५६ टन. सायलो रिकामा होता, हे मी स्वतः खालून बघितलेलं. मला माल कमी आला, की हिशोब चुकला?

रिंगमास्तर

माल कमी आला असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तुमच्या हिशोबात दोन चुका आहेत, आणि पाटीवरचा आकडा तुमच्या धान्याचा नाहीच.

पहिली चूक म्हणजे तुम्ही शंकूलाही पिंपासारखंच मोजलंत. वर तेवढंच रुंद आणि खाली टोकाला आलेलं भांडं त्याच उंचीच्या पिंपाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच धरतं. शंकूत ६० घनमीटर मावतात असं तुमचा हिशोब म्हणतो, प्रत्यक्षात मावतात २१.८.

दुसरी चूक घनतेची. ०.७७ गव्हाचे. मका साधारण ०.७२.

आता नीट मांडूया. भिंतीचा भाग २३.७६ × ८ = १९०.१ घनमीटर. शंकू २१.८. इथपर्यंत २११.९, म्हणजे छपराच्या कडेशी पट्टी फिरवून सपाट केल्यासारखा भरला तर. त्याला ०.७२ ने गुणा, एकशे साडेबावन्न टन. पण धान्य मधून पडतं तेव्हा वर रास होते. मक्याच्या राशीचा उतार २३ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे मध्यभागी भिंतीपेक्षा १.१७ मीटर उंच. तीही शंकूच, त्यामुळे पुन्हा तिसरा हिस्सा: ९.२ घनमीटर. एकूण २२१.

अर्धवट_इंजिनिअर

शंकूचं सूत्र १/३ × क्षेत्रफळ × उंची. २३.७६ × २.५५ / ३ = २०.२ येतं. २१.८ कुठून आणलंत?

रिंगमास्तर

चांगलं पकडलंत. २.५५ मीटर ही कापलेल्या शंकूची उंची आहे, कारण खाली ४० सेंटिमीटरचं तोंड आहे. तिसऱ्या हिश्श्याचं सूत्र टोकापर्यंतच्या पूर्ण शंकूचं. ४५ अंशांत पूर्ण उंची त्रिज्येएवढी, म्हणजे २.७५. त्यावरून २१.७८ येतं आणि त्यातून कापलेलं टोक वजा करायचं. ते टोक किती? सुमारे ८ लिटर. एका बादलीत मावेल.

म्हणजे टोक विसरलात तर पाच-सहा किलोंचा फरक, पण कापलेली उंची पूर्ण शंकूच्या सूत्रात घातलीत तर दीड घनमीटर गेला. टनाहून जास्त.

याच जागची याहून मोठी चूक तिरक्या पत्र्याची. शंकूच्या पत्र्यावर टेप लावून मोजलं तर इथे ३.६ मीटर येतात. ती उंची म्हणून घातली की २८.६ घनमीटर होतात आणि मका पाच टनांनी फुगतो. टेप शंकूच्या बाहेरून तिरपा लावणं सोपं असतं, म्हणून ही चूक सगळीकडे दिसते. उभी उंची हवी असेल तर कड्यापासून ओळंबा सोडा आणि तोंडाच्या पातळीपर्यंत मोजा.

अर्धवट_इंजिनिअर

बरोबर. फक्त एक भर. कोन ४५ असेल तर उंची त्रिज्येएवढी. ६० असेल तर शंकू उथळ होतो, उंची त्रिज्येच्या ०.५८ पट.

बोल्टपाना

थांबा, इथेच घोटाळा होतो. ६० अंश कशापासून मोजलेत? जमिनीपासून मोजलेत तर शंकू खोल, उंची त्रिज्येच्या १.७३ पट. उभ्या रेषेपासून मोजलेत तर तुम्ही म्हणता तसं ०.५८ पट. ४५ अंशांत दोन्ही सारखे, म्हणून तोवर कुणाच्या लक्षात येत नाही.

याच व्यासाच्या सायलोवर फरक बघा. खोल शंकूत ३७.७ घनमीटर, उथळात १२.६. मक्याचे १८ टन इकडचे तिकडे. नकाशावर कोणत्या बाजूने कंस काढलाय ते बघितल्याशिवाय आकडा घेऊ नका. आणि नकाशा नसेल तर अक्कल वापरा: जमिनीपासून ३० अंशांचा शंकू कुणी धान्यासाठी बनवत नाही, कारण शेवटचा माल पत्र्यावरच बसून राहील. कोरड्या धान्याला ४५, आणि ओलसर धान्याला किंवा भरड्याला ६०, दोन्ही जमिनीपासून. ६० चा शंकू दिसलाच तर तो खोलच निघतो.

अर्धवट_इंजिनिअर

मान्य. मी उभ्या रेषेपासून धरत होतो.

हिरवा_चारा

सायलोसाठी घनमीटरला ६५० ते ७०० किलो धरा, नीट तुडवला असेल तर. ट्रॅक्टर किती वेळा फिरवला त्यावर आहे सगळं. तुमचा १५६ टनांचा आकडा त्या मानाने ठीक वाटतो.

बोल्टपाना

दादा, तुम्ही मुरघासाचं सांगताय. इथे धान्याचा सायलो आहे, ट्रॅक्टर आत फिरणार नाही.

हिरवा_चारा

अरेच्चा. बरं.

मका_मोजणारा

शंकूचं पटलं. मग रास धरून २२१ × ०.७२ = १५९ टन. पण पाटीवर १८० कसे? आणि काट्यावर १५९ पण नाहीत, १५६ आहेत.

रिंगमास्तर

पाटीचं आधी. गहू धरून बघा. गव्हाच्या राशीचा उतार २५ अंश घेतला तर रास १०.२ घनमीटर, एकूण २२२. त्याला ०.७७ ने गुणलं तर १७१. अजून ९ टन कमी आहेत. ते येतात दबण्यातून. ८ मीटरच्या राशीत खालचं धान्य वरच्याच्या वजनाने दबतं, दाणे एकमेकांत बसतात आणि एका घनमीटरमध्ये बादलीतल्यापेक्षा जास्त वजन मावतं. बनवणारे गव्हाला साधारण ५ टक्के धरतात. १७१ वर ५ टक्के म्हणजे १७९.५, आणि पाटीवर गोल आकडा १८०.

म्हणजे पाटी खोटी नाही. ती सांगते: गहू, छपराच्या कडेपर्यंत, वर पूर्ण रास, दबलेला. हे जसंच्या तसं तुमच्या मक्याला लागू नाही.

आता तुमचे १५६. मला दोन गोष्टी सांगा. वरचा स्विच भिंतीवर किती खाली बसवलाय? आणि मक्याचं घनमीटरमागचं वजन मोजलंत का, की मी दिलेलं ०.७२ तसंच घेतलंत?

मका_मोजणारा

स्विच भिंतीवरचा, फिरत्या पात्याचा. छपराच्या कडेपासून बरोबर ५० सेंटिमीटर खाली. वजन मोजलेलं नाही. कसं मोजू?

बोल्टपाना

१० लिटरचं सरळ भिंतीचं भांडं घ्या. आधी त्यात पाणी भरून तोला, कारण ‘१० लिटरची’ बादली क्वचितच १० लिटरची असते. मग धान्य बोटभर उंचीवरून एका दमात ओता, ओसंडू द्या, आणि सरळ पट्टी नागमोडी फिरवून वरचं काढून टाका. भांडं हलवायचं नाही, ठोकायचं नाही. ठोकलंत की ४–५ टक्के आत बसतं आणि तुम्ही दबण्याचा भाग दोनदा मोजाल. वेगवेगळ्या खेपांतले पाच नमुने घ्या, एकाच पोत्यातले पाच नकोत.

मका_मोजणारा

मोजलं. पाच नमुने, ७.१ ते ७.३ किलो, सरासरी ७.२. ओलावा १४ टक्के.

रिंगमास्तर

मग ०.७२ राहू द्या. स्विचमुळे भिंतीशी धान्य ८ नाही, ७.५ मीटरवर थांबलं. हिशोब एका ओळीत बसवायची सोपी पद्धत अशी की दोन्ही शंकूंच्या उंचीचा तिसरा हिस्सा भिंतीच्या उंचीत मिळवायचा आणि शेवटी एकदाच क्षेत्रफळाने गुणायचं. खालच्या शंकूचे २.७५ चे ०.९२. वरच्या राशीच्या १.१७ चे ०.३९. ७.५ + ०.९२ + ०.३९ = ८.८१ मीटर. × २३.७६ = २०९ घनमीटर. × ०.७२ = १५०.६ टन. त्यावर दबण्याचे ४ टक्के धरले की १५६.७.

तुमच्या पावत्या १५६. माल पूर्ण आलाय.

स्प्रेडशीटमध्ये हवं असेल तर हे घ्या. B1 व्यास, B2 भिंतीशी धान्याची उंची, B3 शंकूचा जमिनीपासूनचा कोन, B4 राशीचा उतार, B5 घनता, B6 दबण्याचा गुणक (उदा. 1.04). मध्यभागी खड्डा असेल तर B4 उणे लिहा.

```
=PI()*B1^2/4*(B2+B1/2*TAN(RADIANS(B3))/3+B1/2*TAN(RADIANS(B4))/3)*B5*B6
```

मका_मोजणारा

मी तुमचं येण्याआधी स्वतःच एक शीट बनवलं होतं. त्यात दबणं न धरता १७८.६ आले होते, आणि ते पाटीशी जुळले म्हणून मला वाटलं शीट बरोबर आहे! उंची ७.५ च, घनता ०.७२ च.

बोल्टपाना

TAN(45) असं सरळ लिहिलंत का?

मका_मोजणारा

हो.

बोल्टपाना

तेच. शीट कोन अंशांत वाचत नाही, रेडियनमध्ये वाचतं. TAN(45) तिथे १ नाही, १.६२ येतं. TAN(23) चं ०.४२ ऐवजी १.५९. दोन्ही शंकू फुगले आणि योगायोगाने बेरीज पाटीजवळ गेली. आकडा जुळला म्हणून सूत्र बरोबर, हे इथे फसवं ठरलं. शीट तपासायचं तर B3 मध्ये ४५ आणि B4 मध्ये ० घालून बघा. व्यास ६ आणि भिंत ०, घनता १, गुणक १ ठेवा. उत्तर २८.३ यायला हवं.

चाळणी

मला रिंगमास्तरांचे ४ टक्के खटकतात. गव्हाला ५, मक्याला ४, का? १५०.६ ला १५६ पर्यंत न्यायला बरोबर तेवढेच लागतात म्हणून? सहा टन म्हणजे या सायलोत ३५ सेंटिमीटर उंची. स्विच वाजल्यावर एलिव्हेटर आणि कन्व्हेयरमधला माल आत येतच राहतो. तो काट्यावरून आधीच गेलेला असतो.

रिंगमास्तर

मुद्दा बरोबर आहे. ४ हा आकडा मी अनुभवाने धरला, मोजलेला नाही. लहान व्यासाच्या सायलोत दबणं कमी असतं, कारण भिंत घर्षणाने बरंच वजन स्वतःवर घेते. व्यास वाढला की दबणं वाढतं, ओलावा वाढला तरी वाढतं. मक्याला ३ ते ५ च्या मधलं काही मला चालेल. ३ धरले तर १५५, ५ धरले तर १५८. पावत्या या पट्ट्यात बसतात, एवढंच मी म्हणू शकतो.

स्विचनंतरचा माल ३५ सेंटिमीटर भरेल असं वाटत नाही, पण वरून मोजून घ्यायला काय जातं.

चाळणी

आणि भरड? इनलेटच्या बरोबर खाली तुकडे आणि भुसा साठतो, अख्खे दाणे उतारावरून भिंतीकडे घरंगळतात. मधल्या खांबाची घनता वेगळी असते. बादलीत तो नमुना आला नसेल.

रिंगमास्तर

आला नसणार. चाळून भरलेल्या मालात हा फरक लहान राहतो, न चाळलेल्यात मी पैज लावणार नाही.

हेमांगी_कोठार

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. गव्हाचा सायलो, व्यास ७.३ मीटर, अर्धा काढून झालाय. आत मध्ये खड्डा पडलाय. छपराचं झाकण भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर आहे, तिथून ओळंबा सोडून मोजते. दर वेळी हिशोबात शिल्लक जास्त दिसते आणि शेवटी माल कमी पडतो.

बोल्टपाना

ओळंबा चुकीच्या जागी पडतोय. उताराच्या पृष्ठभागाची सरासरी पातळी मध्यभागी नसते आणि भिंतीशीही नसते. भिंतीपासून त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यावर जे वाचन मिळतं तीच सरासरी, मग रास असो वा खड्डा. तुमच्याकडे त्रिज्या ३.६५, म्हणजे भिंतीपासून १.२२ मीटर.

तुम्ही ६० सेंटिमीटरवर मोजता, म्हणजे योग्य जागेपासून भिंतीकडे ६२ सेंटिमीटर. खड्डा असल्यामुळे तिथलं धान्य सरासरीपेक्षा उंच. २५ अंशांच्या उतारावर ६२ सेंटिमीटरमागे २९ सेंटिमीटर चढ. तुमचं क्षेत्रफळ ४१.९ चौरस मीटर, म्हणजे १२ घनमीटर, सव्वानऊ टन गहू, जो आत नाहीच.

झाकण हलवता येणार नाही, म्हणून मोजलेल्या धान्याच्या उंचीतून २९ सेंटिमीटर वजा करा. भरताना रास असेल तेव्हा उलट: तेवढेच मिळवा. सरासरी पातळी मिळाली की वरचा शंकू पुन्हा मोजायचा नाही. शीटमध्ये उतार ० घाला.

हेमांगी_कोठार

सव्वानऊ टन! साधारण तेवढाच फरक पडतो. उतार २५ धरायचा की मोजायचा?

बोल्टपाना

मोजता आला तर उत्तम. मध्यभागच्या इनलेटमधून दुसरा ओळंबा सोडता येत असेल तर दोन्हीकडच्या धान्याच्या पातळ्यांमधला फरक भागिले त्यांच्यातलं आडवं अंतर, झाला उतार. पण काढणी पूर्ण बंद करूनच, आणि बाहेरूनच. पातळी बघायला आत कुणी उतरायचं नाही. वर घट्ट पापुद्रा दिसतो आणि खाली पोकळी असते, माणूस काही सेकंदांत धान्यात जातो.

चाळणी

पूर्ण भरून थोडाच माल काढला असेल तर ही युक्ती चालत नाही. बाहेर जुन्या राशीचा उतार भिंतीकडे उतरता, आत खड्ड्याचा मध्याकडे, आणि दोन्हींच्या मध्ये गोल कडं. झाकणाखाली त्यातला कोणता भाग आहे हे वरून बघितल्याशिवाय कळत नाही. खड्डा भिंतीला टेकेपर्यंत मी सरळ काढलेल्या खेपांची वजनं वजा करतो.

बोल्टपाना

हो, त्या टप्प्यात तेच बरं.

मका_मोजणारा

मी पण वरून मोजलं. झाकण भिंतीपासून ५० सेंटिमीटरवर आहे. छपराच्या कडेच्या पातळीपासून धान्य ३० सेंटिमीटर खाली.

रिंगमास्तर

राशीच्या २३ अंशांत ५० सेंटिमीटरमागे २१ चढ. म्हणजे भिंतीशी धान्य कडेपासून ५१ खाली. स्विच ५० वर. चाळणींचे ३५ सेंटिमीटर तरी दिसत नाहीत.

चाळणी

आज दिसत नाहीत. भरून किती दिवस झाले?

मका_मोजणारा

उद्या तीन आठवडे.

चाळणी

मग तीन आठवड्यांत पंख्याने आणि स्वतःच्या वजनाने रास बसली असणार. भरलं त्या दिवशी ती किती वर होती, हे आजच्या वाचनातून निघत नाही. दबणं आणि जास्तीचा माल, दोन्हींचं मिश्रण आहे. पुढच्या वेळी भरल्या दिवशीच ओळंबा सोडा, आणि आठ दिवसांनी परत.

रिंगमास्तर

यावर वाद नाही. पुढचं भरताना भिंतीशी ७.५ मीटरला १५५ ते १५८ टन धरा. स्विच वर सरकवून कडेपर्यंत भरायचा विचार असेल तर १६५ च्या आसपास. पण एलिव्हेटरचा पाइप छपरातून किती खाली आलाय ते बघा. राशीचं टोक पाइपाच्या तोंडाला टेकलं की माल तुंबतो आणि एलिव्हेटरच्या बुडाशी बादल्या अडकतात.

अर्धवट_इंजिनिअर

आणि पुढे कधी गहू भरलात तर पायाचा हिशोब? पाटीवर १८० आहेत म्हणजे पाय तेवढ्याचेच असणार ना?

बोल्टपाना

पाटीवरचे १८० साठवणीचे. पायांवर त्यात सायलोचं स्वतःचं वजन, वारा आणि काढताना भिंतीवर येणारा जोर धरून वेगळा हिशोब असतो. तो पाटीवर नसतो, बनवणाऱ्याच्या नकाशात असतो. तो मागवून घ्या.

मका_मोजणारा

मागवतो. शेवटचं एक: व्यास मी बाहेरून टेप गुंडाळून काढला. १७.२८ मीटर परीघ. नालीदार पत्र्यामुळे फरक पडेल का?

बोल्टपाना

टेप नाल्यांच्या माथ्यांवरून जातो, धान्य नाल्यांच्या खोलातही शिरतं, त्यामुळे खरा आकडा दोन्हींच्या मधला. एक-दोन सेंटिमीटरचा खेळ. पण टेप तिरका गेला आणि व्यासात ५ सेंटिमीटर चुकले तर व्यासाचा वर्ग होतो म्हणून जवळपास दोन टक्के जातात, तीन टन. तीन वेगवेगळ्या रिंगांवर गुंडाळा. आणि भिंतीची उंची पत्र्याची रुंदी गुणिले रिंगा अशी काढली नाहीत ना? प्रत्येक जोडावर पत्रा पत्र्यावर चढलेला असतो.

मका_मोजणारा

नाही, वरून टेप सोडून मोजली. परीघ उद्या परत मोजून इथेच टाकतो.